'आकर्षक' भांडे म्हणजे नेमके कसे?

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्याची भांडी घडविण्याची परंपरा पेशवेकाळापासून चालत आली आहे. अशी भांडी आता संकेतस्थळांवरही विकली जातात. मात्र त्यांच्या वर्णनांत तीच ती विशेषणे आढळतात. उदाहरणार्थ : 'पारंपरिक पद्धतीने बनविलेले आकर्षक व दर्जेदार तांब्याचे तपेले.'

येथे 'तांब्याचे तपेले' काढून 'लाकडाचे पोळपाट' घातले, तरी वाक्य तसेच चालते. पोकळ वर्णनाची हीच खूण होय. ते नव्याने लिहिताना प्रत्येक विशेषणाला 'कशावरून?' असे विचारावे. आकर्षक कशावरून? अंगावरच्या मठारकामावरून, म्हणजे हातोडीने उमटविलेल्या ठोक्यांवरून. दर्जेदार कशावरून? त्याच ठोक्यांनी पत्रा कडक होतो. 'पारंपरिक'ऐवजी घडविल्याचे ठिकाणच सांगावे. उत्तर मिळाले नाही, तर ते विशेषण गाळावे.

सुधारित मजकूर असा होईल : 'तांबट आळीत घडविलेले तपेले. ठोके हाताने मारलेले असल्याने ते तंतोतंत सारखे नाहीत. त्यांनीच पत्रा कडक झाला आहे. वापराने तांबे काळवंडेल, चिंचेने घासल्यास उजळेल. आतून कल्हई नाही. आंबट पदार्थ ठेवू नयेत.'

शेवटची दोन वाक्ये मर्यादा सांगतात आणि म्हणूनच आधीची वाक्ये खरी वाटतात. मात्र हाच मजकूर प्रत्येक भांड्याला जोडल्यास तोही विशेषणांइतकाच निर्जीव होतो. आणि यंत्राने ठसे उमटविलेल्या भांड्याला जोडल्यास ती फसवणूक ठरते. त्यामुळे लिहिण्यापूर्वी भांडे हाती घेऊन कारागिराशी बोलणे आवश्यक ठरते.