नोंदणीची गळती मोजताना

मोबाइल ॲपवरच्या नोंदणीच्या टप्प्यांना विश्लेषक मंडळी ‘फनेल’ म्हणतात. फनेल म्हणजे नसराळे. पण नसराळ्यात वरून ओतलेले सगळे तेल खालच्या बाटलीत उतरते. नोंदणीत तसे कधीच होत नाही. प्रत्येक टप्प्यावर काही माणसे निघून जातात. ती कुठे आणि का जातात, हे कळण्यासाठी ॲपने कोणत्या घडामोडींची नोंद ठेवायची याचा आराखडा म्हणजे इव्हेंट-योजना.

उदाहरणासाठी बसचे तिकीट काढून देणारे एक काल्पनिक ॲप घेऊ. नोंदणीत तीन कामे आहेत: मोबाइल क्रमांक देणे, एसएमएसने आलेला ओटीपी भरणे आणि नाव लिहिणे. समजा, एका दिवशी 1000 प्रयत्न सुरू झाले, 900 जणांनी ओटीपी मागवला, 640 जणांचा ओटीपी जुळला आणि 610 नोंदण्या पूर्ण झाल्या. पहिल्या टप्प्यावर 100 गेले, शेवटच्या टप्प्यावर 30, आणि मधल्या एकट्या टप्प्यावर 260. एवढे कळायला चार इव्हेंट पुरतात: `signup_started`, `otp_requested`, `otp_verified` आणि `signup_completed`.

योजना बिघडते ती इथून पुढे. 260 जण का गेले हे कळत नाही, म्हणून कोणीतरी सुचवतो की शहर, वय, फोनचे मॉडेल, बोटाचा प्रत्येक स्पर्श, सगळेच नोंदवू. पुढे उपयोगी पडेल. मला हा युक्तिवाद पटत नाही. प्रत्येक रकान्याला आधी एक प्रश्न विचारावा: याचे उत्तर ‘अ’ आले तर आपण काय करू आणि ‘ब’ आले तर काय? दोन्ही उत्तरांवर कृती एकच असेल, तर तो रकाना योजनेत नको. गळती नाशिकची की नांदेडची हे कळून ओटीपीच्या पडद्यात काहीच बदलणार नसेल, तर शहर नोंदवायचे कशाला?

या कसोटीवर ओटीपीच्या टप्प्यासाठी मोजकेच रकाने टिकतात. संदेश पोचलाच नाही, उशिरा पोचला, आकडे चुकले, की माणूस आपणहून निघून गेला? या चार शक्यतांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून त्या वेगळ्या दिसायला हव्यात. अपयशाचा इव्हेंट असा असेल:

```json
{
  "event": "otp_verify_failed",
  "attempt_id": "a91f3c7e",
  "reason": "expired",
  "wait_band": "30-60s",
  "resend_count": 1,
  "sms_lang": "mr",
  "app_version": "4.2.0"
}
```

`reason` मध्ये ठरलेल्या चार-पाच शब्दांपैकीच एक येऊ शकतो. पडद्यावर दिसलेला त्रुटीचा मजकूर जसाच्या तसा तिथे टाकण्याचा मोह होतो. त्या मजकुरात ‘हा क्रमांक आधीच नोंदलेला आहे’ याच्याबरोबर प्रत्यक्ष क्रमांकही असला, की तो निमूटपणे विश्लेषणाच्या साठ्यात जाऊन बसतो. मोकळ्या मजकुराचा रकाना म्हणजे उघडे राहिलेले मागचे दार. थांबण्याचा वेळही सेकंदासेकंदाने न ठेवता पट्ट्यांत ठेवला आहे. 41 आणि 43 सेकंदांत फरक करून आपण काही वेगळे करणार नाही.

संदेश पोचला की नाही हे मात्र फोनवरच्या ॲपला ठाऊक नसते. ते एसएमएस पाठवणाऱ्या सेवेकडून आपल्या सर्व्हरला कळते, म्हणून `sms_status` हा इव्हेंट सर्व्हरनेच नोंदवावा. आता 260 ची फोड करू. 150 प्रयत्नांत संदेश नाकारला गेला, 40 मध्ये उशिरा आला, 30 मध्ये आकडे चुकले आणि उरलेल्या 40 मध्ये माणूस निघून गेला. नाकारलेल्या सगळ्या 150 मध्ये `sms_lang` मराठी दिसते. इथे कारण सापडते. ट्रायच्या 2018 च्या नियमांनुसार अशा संदेशांचे साचे डीएलटी मंचावर आधी नोंदवावे लागतात, आणि पाठवलेला मजकूर त्या साच्याशी जुळला नाही तर तो अडवला जातो. कोणीतरी मराठी संदेशात सौजन्याने ‘कृपया’ वाढवला आणि साचा नव्याने नोंदवायचा राहून गेला. हे शोधायला एकाही माणसाची ओळख लागली नाही. भाषेचा एक रकाना पुरला.

`attempt_id` बद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. एकाच प्रयत्नातले इव्हेंट जोडण्यासाठी काहीतरी धागा लागतोच. अनेकजण त्यासाठी मोबाइल क्रमांकाचा हॅश वापरतात आणि क्रमांक लपला असे मानतात. तो लपत नाही. भारतीय मोबाइल क्रमांक दहा आकडी असतो आणि 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतो; म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. एवढ्या सगळ्यांचे हॅश काढून तुलना करायला चांगल्या ग्राफिक्स कार्डाच्या संगणकाला काही मिनिटे पुरतात. गुप्त किल्ली मिसळली तर हे अवघड होते, पण तोच माणूस महिनोन्‌महिने ओळखता येत राहतो. त्यापेक्षा प्रयत्न सुरू होताना यादृच्छिक खूण तयार करावी आणि 24 तासांनी टाकून द्यावी.

याची किंमत अर्थातच आहे. सोडून 24 तास उलटल्यावर परतलेला माणूस दोनदा मोजला जातो, त्यामुळे 1000 प्रयत्न म्हणजे 1000 माणसे नव्हेत. माणसांचा आकडा हवाच असेल, तर ओटीपी पाठवण्यासाठी क्रमांक ज्या सर्व्हरवर मुळातच आहेत तिथेच रोजची बेरीज करावी आणि फक्त बेरीज बाहेर पाठवावी. शिवाय 24 तासांची मुदत असल्याने आजचे प्रमाण नेहमी अपुरे असते. प्रयत्न ज्या दिवशी सुरू झाला त्या दिवसाच्या खात्यात धरावा आणि आजचा आकडा परवा वाचावा.

मोजणी चुकते आहे हेही आकड्यांतूनच कळते. पुढचा टप्पा मागच्यापेक्षा मोठा दिसला, तर बहुधा मागचा इव्हेंट फोनवरून निघाला पण नेटवर्कअभावी किंवा जाहिरात-रोधकामुळे पोचला नाही आणि पुढचा सर्व्हरने नोंदवला. पडदा पुन्हा उघडल्यावर `signup_started` दोनदा सुटत असेल, तर पहिल्या टप्प्यावरची गळती खोटी फुगते. म्हणून इव्हेंट न मोजता वेगवेगळे `attempt_id` मोजावेत.

योजनेत नसलेली माहितीही आपोआप घुसते. वेब-पत्त्यात क्रमांक असेल तर पानाच्या नोंदीबरोबर तो जातो, आणि आयपी पत्ता तर प्रत्येक विनंतीबरोबर येतोच. तो साठवण्याआधी गाळावा लागतो. कच्चे इव्हेंट 60 दिवसांनी पुसून रोजच्या बेरजा ठेवल्या, तर या कामासाठी काही अडत नाही.

कायद्याचा रोखही इकडेच आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, 2023 च्या कलम 6 मध्येच एक उदाहरण दिले आहे: दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याच्या ॲपने फोनमधली संपर्कयादी मागितली आणि ग्राहकाने ‘हो’ म्हटले, तरी त्या सेवेला ती यादी आवश्यक नसल्याने संमती तिला लागू होत नाही.

योजना लागू करण्याआधी एक परीक्षा घ्या. स्वतःच्या क्रमांकाने नोंदणी करा, मध्ये ओटीपी चुकवा, नाव भरा. मग विश्लेषणाच्या साठ्यात तो क्रमांक आणि ते नाव शोधा. एकही निकाल आला, तर योजना अजून तयार नाही.