वंदे भारतमध्ये खिडकीची सीट कोणती? नंबरवरूनच ओळखा

गोंदियाहून नागपूरला जाणाऱ्या वंदे भारतच्या चेअर कारमध्ये एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन सीट असतात. नंबरचा शेवटचा आकडा ३, ४, ८ किंवा ९ असेल तर बहुधा खिडकी. २ किंवा ७ म्हणजे तिघांमधली मधली सीट, बाकीच्या रस्त्याकडेच्या. खात्रीसाठी सीटवरची पाटी पाहा.

तोंड कुठे, हे मात्र नंबर सांगत नाही. अर्ध्या सीट एकीकडे, अर्ध्या उलट, डब्याच्या मध्याकडे तोंड करून असतात. गाडीला दोन्ही टोकांना इंजिनाची केबिन, त्यामुळे नागपूरला ती वळवत नाहीत. जाताना १४ नंबर पुढे तोंड करून होता, तर येताना तोच उलटा बसवेल. उलटं बसून मळमळत असेल तर समोरच्या अर्ध्या डब्यातल्या माणसाला अदलाबदलीचं विचारा. एक्झिक्युटिव्हची सीट तेवढी फिरते.