वेहळोलीचा बर्ड फ्लू आणि २००९ चा स्वाइन फ्लू

फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे एका कुक्कुटपालन केंद्रात सुमारे शंभर पक्षी दगावले. तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळल्यावर एक किलोमीटर परिघातील सुमारे २५,००० पक्षी नष्ट करण्याचे आदेश निघाले. पक्षिपालकांना हा उपाय क्रूर वाटणे स्वाभाविक होते. परंतु त्यामागे शास्त्रीय कारण होते. पक्ष्यांचा विषाणू पेशींवरील ज्या ग्राहक-रेणूंना चिकटतो, ते माणसाच्या नाका-घशात अत्यल्प व फुप्फुसांच्या खोल भागात अधिक असतात. त्यामुळे आजारी पक्ष्यांच्या निकट संपर्काखेरीज माणसाला लागण क्वचितच होते. झाल्यास मात्र ती बहुधा गंभीर असते. १९९७ मध्ये हाँगकाँग येथे १८ बाधितांपैकी ६ जण मृत्युमुखी पडले, तरी खोकल्यावाटे साथ पसरली नाही.

२००९ च्या स्वाइन फ्लूची गोष्ट निराळी. डुकरांमध्ये निरनिराळ्या विषाणूंच्या जनुकांची सरमिसळ होऊन तो घडला आणि मानवी घशात सहज वाढू लागला. माणसांत शिरल्यावर त्याला डुकरांची गरज उरली नाही. या दृष्टीने त्याचे नाव दिशाभूल करणारेच म्हणावे लागेल. म्हणूनच त्या ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईत शाळा व चित्रपटगृहे बंद ठेवावी लागली.