माँट्रियलचे दूरध्वनी आणि न दिसणारे अंतर

दोन शहरांच्या लोकसंख्यांचा गुणाकार करून त्याला त्यांच्यातील अंतराने भागले, की परस्परांतील ये-जा किती असेल याचा अंदाज येतो, असे जॉर्ज झिफ यांनी १९४६ मध्ये मांडले. न्यूटनच्या नियमाचीच ही छाया. तेथे मात्र भागाकार अंतराच्या वर्गाने होतो.

१९५८ मध्ये भूगोलतज्ज्ञ रॉस मकाय यांनी अशाच सूत्राने माँट्रियलहून होणारे दूरध्वनी तपासले. क्विबेकमधील शहरांच्या तुलनेत, तेवढ्याच मोठ्या आणि तेवढ्याच दूरच्या ऑन्टारिओतील शहरांशी होणारी संभाषणे पाचव्या ते दहाव्या हिश्श्यावर आली होती; अमेरिकेतील शहरांशी तर सुमारे पन्नासाव्या. एकीकडे फ्रेंच-इंग्रजी भाषासीमा होती, दुसरीकडे देशाची सीमा. सूत्र येथे फसले खरे. पण नेमके किती फसले, यावरूनच त्या सीमांची रुंदी मोजता आली.