मेलेल्या अंड्यांतून जनुकांचा शोध

एखाद्या यंत्राचे काम समजून घ्यायचे तर दोन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे बिघडलेली पुष्कळ यंत्रे गोळा करायची, कोणत्या तऱ्हेचा बिघाड आहे ते पाहायचे आणि त्यामागचा नादुरुस्त भाग शोधून काढायचा. दुसरा मार्ग याच्या उलट आहे. ठाऊक असलेला एक भाग मुद्दाम काढून टाकायचा आणि यंत्राचे काय होते ते पाहायचे. आनुवंशिकीत पहिल्याला अग्रगामी आनुवंशिकी म्हणतात. तिथे आपण लक्षणाकडून जनुकाकडे जातो. दुसरी प्रतिगामी आनुवंशिकी. तिथे जनुकाकडून लक्षणाकडे जातो. पहिल्या मार्गाचे उत्तम उदाहरण जर्मनीतील हायडेलबर्ग येथे घडले. ते आपण जरा तपशिलाने पाहू.

सन १९७९ मध्ये तेथील युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत क्रिस्तियान न्यूसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी एक साधा प्रश्न घेतला. फळमाशीच्या अंड्यातून सुमारे एका दिवसात खंडाखंडांची अळी तयार होते. वक्षाचे तीन आणि उदराचे आठ खंड, आणि त्यांच्या खालच्या अंगाला बारीक दातेरी काट्यांचे पट्टे. हा आराखडा कोणती जनुके आखतात?

अशा जनुकात बिघाड झाला तर अळी अंड्यातच मरणार. मग मेलेल्या अळीपासून वंश पुढे कसा चालवायचा? मेंडेलने दिलेले उत्तर येथे उपयोगी पडते. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक चांगली असेल तर माशी बहुधा जगते. म्हणून बिघाड अशा निरोगी माश्यांत जपून ठेवायचा आणि त्यांच्या एक चतुर्थांश पिलांत तो उघडा पाडायचा.

प्रत्यक्ष कृती अशी होती. नर माश्यांना साखरेच्या पाण्यातून इथाइल मिथेन सल्फोनेट हे रसायन पाजले. ते डीएनएतील ग्वानिनला चिकटते. मग ग्वानिनसमोर सायटोसिनऐवजी थायमिन बसते आणि अक्षर बदलते. बदल कोठे होईल हे कोणाच्याच हाती नसते. या पद्धतीचे बळ त्यातच आहे, कारण कोणते जनुक महत्त्वाचे याचा अंदाज आधी बांधावा लागत नाही.

प्रत्येक शुक्राणूत वेगळे बदल असतात. म्हणून दुसऱ्या क्रमांकाचे एकेक बदललेले गुणसूत्र वेगळे काढून त्याचा स्वतंत्र वंश करावा लागतो. त्यासाठी 'बॅलन्सर' नावाचे गुणसूत्र वापरतात. त्याचे तुकडे उलटसुलट बसलेले असल्याने जोडीदाराशी त्याची अदलाबदल टिकत नाही. त्याच्यामुळे माशीचे पंख वळतात, म्हणजे ते ओळखता येते. शिवाय त्याच्या दोन प्रती मिळालेली माशी प्रौढ होऊन वंश चालवू शकत नाही.

येथे एक सुंदर युक्ती केली होती. बदललेल्या गुणसूत्राला 'ब', बॅलन्सरला 'क' म्हणू, आणि 'त' हे असे गुणसूत्र की ज्याची एक प्रतही २९ अंश सेल्सिअसला माशीला मारते. एकेका 'बक' नराचा संकर 'तक' माद्यांशी करायचा. पिले चार प्रकारची होतील : बत, बक, कत आणि कक. उबेत ठेवल्यावर 'त' असलेले दोन्ही प्रकार मरतात, 'कक'ही टिकत नाही. बाटलीत उरतात फक्त 'बक' भाऊबहिणी. हाताने निवडण्याचे कामच उरत नाही. यांच्या आपसांतील संकरातून एक चतुर्थांश अंडी 'बब' होतात. वर्गात हा चौकट-तक्ता मुलांकडून फळ्यावर जरूर मांडून घ्यावा.

दुसऱ्या गुणसूत्रासाठी असे ५७६४ वंश तयार झाले. त्यांपैकी ४२१७ वंशांत मारक बदल होते. २८४३ वंशांत निदान चौथा हिस्सा अंडी फुटत नव्हती. ही न फुटलेली अंडी कवच काढून पारदर्शक केली गेली. दोघांना एकाच वेळी एकच अळी दिसेल अशा सूक्ष्मदर्शकापाशी बसून दोघे संशोधक काट्यांचे पट्टे तपासत. बहुसंख्य मेलेल्या अळ्यांचा आराखडा अगदी नेहमीसारखा होता, म्हणजे त्या दुसऱ्याच कारणाने मेल्या होत्या. स्पष्ट वेगळेपण दिसले ते २७२ वंशांत.

पण २७२ बदल म्हणजे २७२ जनुके नव्हेत. सारख्या दिसणाऱ्या दोन वंशांचा संकर करून पाहावा लागतो. पिलांत तोच दोष पुन्हा दिसला तर दोन्ही वंशांत एकच जनुक बिघडलेले आहे. दोष नाहीसा झाला तर जनुके निरनिराळी, कारण प्रत्येकाने दुसऱ्याची उणीव भरून काढली. या चाचणीनंतर ६१ जनुके उरली.

सगळी सापडली हे कशावरून? ४८ जनुके एकापेक्षा अधिक वेळा, सरासरी ५.४ वेळा सापडली होती. १३ मात्र एकेकदाच. नवा बदल बहुतेक वेळा जुन्याच जनुकात निघू लागला की जाळे भरत आल्याची ती खूण असते. तरी एकेकदाच सापडलेली १३ हा आकडा थोडा मोठा आहे. सर्व जनुकांना बदल होण्याची संधी सारखी असती, तर सरासरी साडेचार बदलांच्या हिशेबाने अशी तीनच अपेक्षित होती. म्हणजे काही जनुके सहज बदलतात, काही क्वचित. आणि अशी क्वचित बदलणारी थोडी निसटलीही असणार.

या बदलांची वर्गवारी बोलकी ठरली. काहींत सलग अनेक खंड नाहीसे, काहींत एकाआड एक खंड नाहीसा, तर काहींत खंडांची संख्या बरोबर पण प्रत्येक खंडाचा ठरावीक भाग बिघडलेला. म्हणजे गर्भ आधी मोठे भाग आखतो, मग जोड्या, शेवटी प्रत्येक खंडाची आतली बाजू. खंडांच्या १५ जनुकांचा हा निष्कर्ष १९८० मध्ये 'नेचर'मध्ये छापला गेला. १९९५ मध्ये या दोघांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

या जाळ्याची भोकेही ध्यानात घ्यावीत. आईने अंड्यात आधीच भरून ठेवलेल्या द्रव्यावर काम भागत असेल, तर 'बब' अळीत दोष दिसत नाही. बायकॉइड जनुक त्यामुळेच यात सापडले नाही. त्यासाठी माद्यांतील बदल वेगळे शोधावे लागले. एका जनुकाचे काम दुसरे निभावत असेल तरीही काही दिसत नाही. आतल्या अवयवांतील बिघाड तर काट्यांवरून कळणारच नव्हता.

आता उलट मार्ग. तिसऱ्या गुणसूत्राच्या शोधात सापडलेल्या एका अळीच्या अंगावर सगळीकडे काटेच काटे होते. म्हणून त्या जनुकाला काटेरी प्राण्यावरून 'हेजहॉग' नाव पडले. त्याचा डीएनए १९९२ मध्ये वाचला गेला. १९९३ मध्ये त्याच्याशी जुळणारी जनुके पाठीच्या कण्याच्या प्राण्यांत सापडली. त्यांतील एक 'सॉनिक हेजहॉग'. उंदरात त्याचे काम काय? आता जनुक हाती होते, लक्षण ठाऊक नव्हते. १९९६ मध्ये ते काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या गर्भाचा मेंदू दोन भागांत विभागला नाही आणि चेहऱ्यावर एकच डोळा आला. त्याच वर्षी माणसातील अशाच जन्मजात दोषामागे हेच जनुक असल्याचे दिसले.

उलट मार्गही फसतो. स्नायू घडवणारे 'मायोडी' जनुक १९९२ मध्ये उंदरातून काढले, तरी त्याचे स्नायू जवळजवळ नेहमीसारखे निघाले, कारण 'मिफ-५' या जनुकाने उणीव भरून काढली. येथे 'काही झाले नाही' याचा अर्थ 'काही काम नाही' असा होत नाही.

आज क्रिस्पर तंत्राने हवे ते जनुक कापणे सोपे झाले आहे. पण कोणते कापायचे हे आधी ठरवावे लागते. उंदरातून हेजहॉग काढून पाहावे हे सुचले, त्याच्या कितीतरी आधी कोणी तरी न फुटलेल्या अंड्यांमधले काटे मोजत बसले होते.