भिंतीवरची गोष्ट आणि पडद्यावरचा वेळ

नाटकाची संहिता वाचताना चांगली वाटते आणि तालमीत मात्र दुसरा अंक रेंगाळतो, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला असेल. नाटकात ते तालमीत सुधारता येते. ॲनिमेशनपटाची अडचण अशी, की तिथे पात्र आधी जिवंत नसतेच. पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 चौकटी लागतात, म्हणजे दहा मिनिटांच्या प्रसंगाला 14,400. एवढे काम झाल्यावर प्रसंग लांबला असे कळले, तर केलेली मेहनत फुकट जाते. म्हणून या कलेने आपली स्वतःची तालीम शोधून काढली. तिचा हा छोटा इतिहास.

1930च्या दशकात अमेरिकेत वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत कथेची चित्रे कागदावर काढून भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने टाचण्याची पद्धत रुळली. हाच स्टोरीबोर्ड. त्यावर प्रसंगांचा क्रम दिसतो, पण वेळ दिसत नाही. आपली नजर कंटाळवाण्या चित्रावरून पटकन पुढे सरकते, आवडत्या चित्रावर थांबते. प्रेक्षकाला ती मुभा नसते. पडदा दाखवील तेवढा वेळ त्याला पाहावेच लागते. म्हणून हीच स्थिर चित्रे फिल्मवर उतरवून, प्रत्येकाला ठरावीक सेकंद देऊन, आवाजासह पाहण्याची युक्ती निघाली. लायका कॅमेऱ्यावरून तिला ‘लायका रीळ’ म्हणू लागले. आज तिलाच ॲनिमॅटिक किंवा स्टोरी रील म्हणतात.

दोष उशिरा कळला तर काय होते, याचे उदाहरण 1937च्या ‘स्नो व्हाइट’मध्येच आहे. बुटके सूप पितात तो प्रसंग वॉर्ड किंबॉल या चित्रकाराने पेन्सिलीत पुरा हलता केला होता. प्रसंग मजेदार होता, पण तो चालू असताना मूळ गोष्ट थांबून राहत होती. डिस्नेंनी तो काढून टाकला. शाई आणि रंगाचा खर्च वाचला, पण किंबॉलचे कित्येक महिन्यांचे काम गेले.

आता 1993कडे येऊ. पिक्सार ही कंपनी ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्ण संगणकावरचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट करत होती. पैसा डिस्नेचा होता. 19 नोव्हेंबर 1993 रोजी डिस्नेच्या अधिकाऱ्यांना पूर्वार्धाचे कच्चे रीळ दाखवण्यात आले. नायक वुडी हे कापडी खेळणे. नायकाला धार हवी, अशा सूचना येत गेल्या आणि त्या पाळता पाळता तो कडवट, सगळ्यांना घालूनपाडून बोलणारा झाला होता. या रिळात तो नव्या बझला जाणूनबुजून खिडकीबाहेर ढकलत होता. सुटे सुटे कागद पाहताना जे विनोदी वाटले होते, ते सलग पाहताना असह्य झाले. डिस्नेने काम थांबवले. चित्रपट तिथेच संपण्याची वेळ आली होती.

पिक्सारच्या मंडळींनी मुदत मागून घेतली आणि कथा पुन्हा लिहिली. यात शिकण्यासारखे आहे ते हे, की त्यांनी खिडकीचा प्रसंग काढला नाही. बझ आजही खिडकीतूनच पडतो. पण आता वुडीला त्याला फक्त टेबलामागे पाडायचे असते; खेळण्यातली मोटार सुटते, एकावर एक वस्तू आदळत जातात, टेबलावरचा दिवा फिरतो आणि बझ बाहेर जातो. मत्सर तोच, पण हेतू बदलला, म्हणून प्रेक्षक वुडीसोबत राहतो. 1994च्या सुरुवातीला काम पुन्हा सुरू झाले आणि नोव्हेंबर 1995मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

अशा रिळाला मर्यादाही आहेत. चित्रे स्थिर असल्याने पात्राचा बारीक अभिनय त्यात दिसत नाही. निव्वळ अभिनयावर उभा असलेला शांत प्रसंग त्यात उगाच लांब वाटतो आणि चुकून कापला जाऊ शकतो. उलट, तात्पुरते लावलेले जोशपूर्ण संगीत रेंगाळलेला प्रसंग झाकून टाकते. असा संशय आला, तर संगीत बंद करून तोच भाग पाहावा. शिवाय रचणाऱ्यांनी ते इतक्यांदा पाहिलेले असते, की त्यांना काहीच खटकेनासे होते. म्हणून प्रत्येक वेळी एखादा तरी नवा माणूस बसवावा, मध्ये न थांबता रीळ पुरे दाखवावे, आणि आपण पडद्याकडे न पाहता त्याच्याकडे पाहावे. तो कुठे चुळबुळतो, हसू अपेक्षित तिथे कुठे गप्प राहतो, ते सेकंदासह टिपून घ्यावे. नंतर तो काय बोलतो, त्यापेक्षा ही टिपणे अधिक खरी असतात. कारण त्या टप्प्यावर दुरुस्तीला नवे कागद आणि पेन्सिल पुरते.