उतारवयातील वाचन आणि अक्षराची उंची

पुस्तकांच्या दुकानात ‘गुरुचरित्र मोठ्या टाइपातले द्या’ अशी मागणी आपल्याकडे नवी नाही. सुट्या पानांची आडवी पोथी चौरंगावर किंवा व्यासपीठावर ठेवून मोठ्याने वाचायची, म्हणून तिचे अक्षर मोठे, ही रीत मराठी घरांत जुनी आहे. पण ‘मोठा टाइप’ म्हणजे नेमका केवढा, हे मुखपृष्ठावर सहसा लिहिलेले नसते. औषधाच्या पट्टीवर तर हा प्रश्न कोणी विचारतही नाही. या लेखात तोच प्रश्न मोजमापाने सोडवायचा आहे.

१. पॉइंटचा आकडा काय मोजतो?

छपाईतला एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. त्यामुळे २० पॉइंटांचे अक्षर ७ मिलिमीटर उंच असेल असा समज होतो. प्रत्यक्षात पॉइंट मोजतो ती अक्षराला दिलेली पूर्ण जागा. देवनागरीत त्या जागेत वरची वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार बसवावे लागतात, तसेच खालचे उकार आणि जोडाक्षरांची शेपटेही. शिरोरेषेपासून पायापर्यंतच्या मूळ अक्षराला त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त भाग मिळतो, आणि तो भाग प्रत्येक फाँटमध्ये वेगळा असतो. म्हणून दोन फाँटांतले ‘१६ पॉइंट’ शेजारी ठेवले तर एक मोठा आणि एक लहान दिसतो.

यावर उपाय साधा आहे. फाँटमध्ये ‘म’ हे अक्षर २० पॉइंटांत छापावे आणि शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंतची उंची पट्टीने मोजावी. पुढच्या उदाहरणासाठी ती ४ मिलिमीटर आली असे धरू. मग त्या फाँटमध्ये एका मिलिमीटरला ५ पॉइंट हे प्रमाण ठरले. यापुढे हिशेब मिलिमीटरचाच.

२. उंची, अंतर आणि राखीव

अक्षर ओळखू येते की नाही, हे ते डोळ्याशी किती कोन करते यावर ठरते. नेत्रतज्ज्ञांच्या तक्त्यात निरोगी डोळ्यासाठी हा कोन ५ कला, म्हणजे एका अंशाचा बारावा भाग, असा धरलेला आहे. हातात पुस्तक धरण्याच्या ४० सेंटिमीटर अंतरावर त्याची उंची होते ०.५८ मिलिमीटर. अंतर दीडपट झाले की अक्षरही दीडपट मोठे लागते.

पण ही उंची उंबरठ्याची आहे. एवढ्या अक्षरावर डोळा कसाबसा ओळख पटवतो, वाचन करत नाही. सलग, न अडखळता वाचायचे तर अक्षर उंबरठ्याच्या किमान दुप्पट हवे, आणि तिप्पट असेल तर वाचन आणखी सुखाचे होते. या जादा उंचीला आपण राखीव म्हणू. ‘दिसते हो, पण दोन ओळी वाचल्या की डोळे दुखतात’ असे आजोबा म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा अक्षर उंबरठ्याच्या वर असते, पण राखीव अपुरी असते. चष्मा तपासून घेतल्यावरही तक्रार राहिली, तर दोष अक्षराच्या उंचीत शोधावा.

३. एक हिशेब

सडक अर्जुनीतल्या एका पंच्याहत्तर वर्षांच्या आजींची कल्पना करू. त्यांचा जवळचा चष्मा बरोबर आहे, पण चष्म्यासह नजर ६/१८ आहे. निरोगी डोळा जे १८ मीटरवरून वाचतो, ते त्यांना ६ मीटरवरून वाचता येते. म्हणजे त्यांचा उंबरठा तिप्पट झाला: ४० सेंटिमीटरवर सुमारे १.७५ मिलिमीटर.

नेहमीचे पुस्तक १२ पॉइंटांचे धरले, तर आपल्या फाँटमध्ये अक्षर २.४ मिलिमीटरचे. राखीव दीडपटही नाही. आजी वाचतील, पण थकतील. दुप्पट राखीव द्यायची तर ३.५ मिलिमीटर लागतात, म्हणजे साडेसतरा, पूर्णांकात १८ पॉइंट. पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचा नेहमीचा आकार १६ ते १८ पॉइंटांचा असतो, तो याच आसपास येतो. हीच आजी पोथी व्यासपीठावर ठेवून ६० सेंटिमीटरवरून वाचत असतील, तर ५.२५ मिलिमीटर, म्हणजे २६ पॉइंट हवेत. पोथीचा टाइप पुस्तकाहून मोठा का, याचे उत्तर भक्तीइतकेच अंतरातही आहे.

नजरेचा आकडा हाताशी नसेल तर घरीही अंदाज घेता येतो. एकसारख्या सोप्या मजकुराचे वेगवेगळे उतारे १२, १४, १६, १८, २० आणि २४ पॉइंटांत छापावेत. आजींना प्रत्येक उतारा एक मिनिट मोठ्याने वाचायला सांगून शब्द मोजावेत. आकार वाढेल तसे शब्द वाढतात आणि एका ठिकाणी वाढ थांबते. समजा १६ ला ७८, १८ ला ९० आणि २० ला ९१ शब्द झाले, तर त्यांचा आकार १८. त्याहून मोठ्या अक्षराने कागद वाढतो, वेग वाढत नाही.

४. शिरोरेषेतली फट

आकार बरोबर असूनही मराठी वाचणारा चुकतो, याचे एक कारण आपल्या लिपीतच आहे. घ आणि ध, म आणि भ, य आणि थ या तीन जोड्यांत फरक मुख्यतः वरच्या डाव्या कोपऱ्यात असतो. पहिल्या अक्षरावर शिरोरेषा अखंड असते, तर दुसऱ्यावर ती तुटते आणि तिथे लहानसा वळसा येतो. ही फट अक्षराच्या उंचीच्या मानाने फारच लहान असते. आधीच्या अक्षराची शिरोरेषा पुढे सरकून त्या फटीला टेकली, किंवा अक्षर जाड करताना फट भरली, तर ‘भात’चा ‘मात’ होतो.

म्हणून फाँट निवडताना ‘घार-धार’, ‘मात-भात’, ‘माया-माथा’ हे शब्द छापून हाताच्या अंतरावर धरावेत. फट स्पष्ट दिसली नाही तर तो फाँट ज्येष्ठांसाठी नको. याच कारणाने ‘ठळक करा, म्हणजे दिसेल’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. अतिजाड अक्षरात म आणि भच्या गाठी आतून बुजतात. उलट, बोरूच्या वळणाच्या फाँटांत जाड रेषेशेजारी अतिबारीक रेषा असते आणि मंद नजरेला ती हरवते. रेषा सर्वत्र जवळपास सारखी, मध्यम जाड, आणि पोकळ्या मोकळ्या, असा फाँट योग्य.

५. पुस्तक: जागा आणि वजन

अक्षर १२ वरून १८ पॉइंट केले की ते रुंदीत आणि उंचीत दीडपट होते, म्हणजे मजकुराला सव्वादोनपट कागद लागतो. २०० पानांचे पुस्तक ४५० पानांचे होते. डेमी आकारात, ७० ग्रॅमच्या कागदावर, नुसत्या पानांचे वजन सुमारे २१० ग्रॅमवरून ४७५ ग्रॅमवर जाते. सांधे दुखणाऱ्या हातांना ते पेलत नाही, म्हणून दोन भाग करणे हाच खरा मार्ग. पातळ कागद वापरून वजन वाचवू नये. मागच्या पानाची अक्षरे पुढे उमटली की अनुस्वार कोणता आणि मागचा डाग कोणता, हे कळेनासे होते.

मात्रा आणि उकार एकमेकांना भिडू नयेत यासाठी दोन ओळींमधले अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवावे. मोठ्या अक्षरात ओळीत शब्द कमी मावतात. ओळी दोन्हीकडून सारख्या केल्या तर शब्दांमध्ये खिंडारे पडतात, म्हणून उजवी कड मोकळी सोडावी. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उरतो, तेव्हा काळी शाई आणि चमक नसलेला कागद यांत तडजोड नको.

मोठ्या अक्षरांची आवृत्तीच नसेल तर झेरॉक्सचे दुकान कामी येते. १४१ टक्क्यांवर १२ पॉइंटांचे अक्षर १७ पॉइंटांचे होते, आणि डेमी आकाराचे एक पान, समास थोडे कापले, की ए-फोर कागदावर बसते. दृष्टिदोषामुळे नेहमीची छपाई वाचता न येणाऱ्यांसाठी अशी प्रत करण्यास कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने सूट दिलेली आहे.

६. औषधाची पट्टी

पुस्तकात एक शब्द चुकला तर पुढचे वाक्य तो सावरून घेते. पट्टीवर वाक्यच नसते. तिथे वेगाला किंमत नाही, चूक न होण्याला आहे. २.५ मधला बिंदू दिसला नाही तर आकडा २५ होतो.

युरोपीय संघाच्या मार्गदर्शनात औषधाच्या वेष्टनासाठी किमान ७ पॉइंट, म्हणजे लहान ‘x’ची उंची १.४ मिलिमीटर, सांगितली आहे. भारतात १३ सप्टेंबर २०१८ पासून औषधाचे मूळ नाव ब्रँडच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापावे लागते. काही मिश्र औषधांना यातून वगळले आहे. हा नियम उपयोगी आहे, पण तो तुलनेचा आहे. दोन लहान अक्षरांपैकी एक जरा कमी लहान असेल, तरी तो पाळला जातो.

आपल्या आजींसमोर १.२ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांची पट्टी ठेवू. ती नुसती ओळखायलाही त्यांना २७ सेंटिमीटरवर आणावी लागेल, आणि दुप्पट राखीव हवी तर १४ सेंटिमीटरवर. ४० सेंटिमीटरचा चष्मा तिथे धूसर दाखवतो. भर म्हणून चंदेरी, चमकणारी पार्श्वभूमी आणि शाईविना दाबून उमटवलेली मुदतीची तारीख. सुट्या गोळ्या कापून दिल्या की नाव एका तुकड्यावर आणि तारीख दुसऱ्यावर जाते.

छापील पट्टी आपण बदलू शकत नाही, तिच्यासोबतचा कागद बदलू शकतो. प्रत्येक औषधासाठी वेगळी डबी घ्यावी, तिच्यावर १० बाय ५ सेंटिमीटरचा पांढरा कागद चिकटवावा आणि २८ पॉइंटांत तीन ओळी लिहाव्यात:

साखरेची गोळी
सकाळी १, रात्री १
जेवणानंतर

अक्षर ५.६ मिलिमीटरचे होते, आजींच्या उंबरठ्याच्या तिपटीहून जास्त. तीन ओळींना सुमारे ४४ मिलिमीटर लागतात, म्हणून चौथी ओळ कोंबू नये. ‘½’ हे चिन्ह टाळून ‘अर्धी’ असे अक्षरी लिहावे. १ आणि ९ यांत शंका येत असेल तर ‘एक’ लिहावे. साखरेच्या दोन वेगळ्या गोळ्या असतील तर ‘साखरेची’ हे नाव धोक्याचे ठरते. तिथे औषधाचे नाव देवनागरीत लिहावे. डब्या केवळ निळ्या-हिरव्या रंगांनी ओळखू नयेत, कारण वयाने पिवळसर झालेल्या नेत्रभिंगाला ते रंग जवळजवळ सारखे दिसतात. वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य आणि चंद्र काढावेत. गोळ्या पट्टीतून सोडवू नयेत, आणि नाव, ताकद व मुदत असलेला तुकडा शेवटपर्यंत डबीत ठेवावा. मजकूर डॉक्टरांच्या चिठ्ठीशी औषध दुकानदाराकडून ताडून घ्यावा.

७. जिथे मोठे अक्षर पुरत नाही

काचबिंदूने कडेची नजर गेलेल्या माणसाला फार मोठे अक्षर अडचणीचे ठरते. त्याच्या अरुंद झरोक्यात एका वेळी दोनच अक्षरे मावतात आणि शब्द तुटतो. त्याला मध्यम अक्षर आणि भरपूर प्रकाश द्यावा. नेत्रपटलाच्या मध्यभागी बिघाड झाला असेल तर ओळी वाकड्या दिसतात किंवा शब्दाचा मधलाच भाग गायब होतो. असे अचानक झाले तर अक्षर वाढवत बसू नये, त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

या सगळ्याचा निष्कर्ष एवढाच की ‘मोठ्या अक्षरात’ हे वर्णन आहे, माप नव्हे. मराठी प्रकाशकांनी ज्येष्ठांच्या आवृत्तीवर किमतीशेजारी ‘म’ची उंची मिलिमीटरमध्ये छापावी, आणि औषध दुकानदारांनी गोळ्यांच्या पुडीबरोबर तीन ओळींचा मोठ्या अक्षरांतला कागद द्यावा.